डब्याच्या रबराचा वास आणि सिपरच्या झाकणातले काळे ठिपके कसे घालवावेत

डबा घासून, पुसून, पालथा घालून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच कालच्या लसूण-कांद्याचा वास येतो, तेव्हा दोष बहुधा डब्याच्या स्टीलमध्ये नसतो, तर झाकणाच्या खाचेत बसवलेल्या सिलिकॉनच्या रबरात असतो. सिपरच्या झाकणाचेही तसेच आहे. बाहेरून ते स्वच्छ दिसते, पण पाणी पिण्याच्या चोचीखाली किंवा नळीच्या मुळाशी काळे ठिपके धरलेले असतात. हे दोन्ही त्रास एकाच वस्तूवर दिसत असल्यामुळे अनेक जण दोन्हींवर एकच उपाय करतात, म्हणजे रबर सोड्यात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात, आणि सकाळी वास थोडा कमी झालेला पण ठिपके जसेच्या तसे, किंवा नेमके उलटे, असे आढळले की गोंधळतात. वास आणि ठिपके यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांचे उपायही वेगळे करावे लागतात.

सिलिकॉनला पाणी चिकटत नाही, पण तेल मात्र ते हळूहळू आत ओढून घेते. कांदा, लसूण, मसाले, तळलेली मासळी यांचे वासाचे घटक तेलात चांगले विरघळतात आणि त्या तेलाबरोबर रबराच्या पृष्ठभागाच्या आत शिरतात. त्यामुळे वास रबराच्या अंगात असतो, आणि वरवर कितीही घासले तरी तो पूर्ण जात नाही. तो बाहेर काढण्यासाठी उष्णता आणि मोकळी हवा लागते. काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती रबराच्या खाली, खाचेत अडकलेल्या ओलाव्यावर आणि अन्नाच्या बारीक कणांवर वाढते, आणि तिची सुरुवात पृष्ठभागावरच होते. तिला आधी घासून सोडवावे लागते, मग मारावे लागते, आणि शेवटी तिचा रंग उरलाच तर तो फिका करावा लागतो. यातला घासण्याचा टप्पा गाळला, तर पुढचे द्रावण बुरशीभोवतीच्या बुळबुळीत थरापाशीच अडते.

पुढे उदाहरणासाठी शाळेत नेण्याचा एक नेहमीचा संच घेतला आहे: प्लॅस्टिकचे झाकण आणि पांढरे रबर असलेला स्टीलचा डबा, आणि बटण दाबले की चोच वर येते अशी, आत नळी असलेली सिपरची बाटली. डब्यात रोज पोळीभाजी आणि मधूनमधून लसणाची चटणी जाते; सिपरमध्ये पाणी, क्वचित लिंबाचे सरबत किंवा दूध.

सुटे करणे

सगळ्यात आधी झाकणाचा आतल्या बाजूने एक फोटो काढून ठेवावा. रबराच्या दोन बाजू सारख्या दिसल्या तरी अनेकदा एका बाजूला पातळ ओठ असतो आणि तो ठरावीक दिशेलाच असावा लागतो. उलटा बसला तर डबा गळतो, आणि मग चूक स्वच्छतेची समजली जाते. रबर काढण्यासाठी सुरीचे टोक, सुई किंवा पिन वापरू नये. सिलिकॉनला बारीकशी चीर पडली तरी ती ताणाने वाढत जाते, आणि ती चीर हीच पुढे बुरशीची जागा होते. आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा चमच्याच्या दांड्याचे बोथट टोक खाचेत एका ठिकाणी सरकवून रबर थोडे उचलावे, आणि मग बोटांनी हळूहळू सगळीकडून सोडवावे. ते घट्ट चिकटले असेल, तर झाकण 10 मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्यावर सुटते.

सिपरच्या झाकणातून जे जे ओढून निघते ते सगळे वेगळे करावे: चोच, आतली नळी, तळाची रिंग, आणि काही झाकणांत असणारा झडपेचा छोटा तुकडा, ज्याच्या मध्ये आडवी किंवा फुलीच्या आकाराची चीर असते. याशिवाय हवा आत येण्यासाठी एक टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र असते आणि त्याच्या मागे सिलिकॉनचे लहानसे बुच असते. हे बुच बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सगळे धुऊनही सिपरला कुबट वास येत राहिला, तर आधी तिथे पाहावे.

सुटे झालेले भाग कोरडे असताना घासू नयेत, कारण कोरडी बुरशी घासली की तिचे बीजाणू हवेत उडतात. घरात कुणाला दमा असेल, तर हे काम ओल्यातच आणि खिडकीपाशी करावे.

रबर खरोखर सिलिकॉनचे आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. ताणून सोडल्यावर चटकन मूळ आकारात येणारे, मऊ, गंधहीन आणि गरम पाण्यात आकार न बदलणारे रबर बहुधा सिलिकॉनचे असते. स्वस्त डब्यांत साधे रबर किंवा मऊ प्लॅस्टिकची रिंगही असते, आणि ती उकळल्यावर चिकट किंवा वेडीवाकडी होऊ शकते. शंका असेल तर उकळण्याचा टप्पा सोडून द्यावा आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यावर काम भागवावे.

घासणे

एका वाडग्यात गरम पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे 3-4 थेंब टाकावेत आणि सगळे सिलिकॉनचे भाग 15 मिनिटे त्यात राहू द्यावेत. इथे साबणाची वडी टाळावी. वडीमध्ये पांढरी भुकटी मिसळलेली असते, ती रबराच्या पडद्यांमध्ये अडकून बसते आणि वाळल्यावर पांढऱ्या रेघा दिसतात. त्या रेघांना पुढे ओलावा आणि कण धरतात. फार सुवासिक साबणही नको, कारण ज्या गुणामुळे सिलिकॉन लसणाचा वास धरते त्याच गुणामुळे ते साबणाचा सुवासही धरते, आणि मग पोळीला लिंबाच्या अत्तराची चव लागते.

भिजल्यानंतर मऊ टूथब्रशने घासावे. डब्याच्या रबराला दोन किंवा तीन पातळ पडदे असतात आणि बुरशी त्यांच्या मधल्या फटीत असते, त्यामुळे रबर बोटाभोवती उलटे वळवून, फट उघडी करून, त्या दिशेने ब्रश चालवावा. झाकणाची रिकामी खाचही विसरू नये. रबर लख्ख करून ते घाणेरड्या खाचेत परत बसवले तर चार दिवसांत पुन्हा ठिपके दिसू लागतात. खाचेच्या कोपऱ्यांत ब्रश पोहोचत नसेल, तर औषधांच्या दुकानात दातांच्या फटी साफ करण्याचे जे इवलेसे ब्रश मिळतात, ते घ्यावेत. सिपरची नळी आणि हवेचे छिद्र यांसाठी तर त्यांच्यासारखे दुसरे साधन नाही. झडपेच्या चिरेत मात्र काहीही खुपसू नये. तो तुकडा दोन बोटांत दोन्ही कडांनी हलकेच दाबला की चीर आपोआप उघडते. ती उघडी धरून वाहत्या पाण्याखाली धरावी. चीर एकदा रुंद झाली की बाटली आडवी पडल्यावर पाणी गळू लागते आणि त्यावर उपाय नाही.

घासून झाल्यावर ठिपक्यांवरून नख फिरवून पाहावे. बुळबुळीत लागत असेल तर थर अजून निघालेला नाही आणि पुन्हा घासणे आवश्यक आहे. खरबरीत लागत असेल, तर बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे क्षार बसलेले असण्याची शक्यता जास्त. क्षारांसाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन त्यात 20 ते 30 मिनिटे भाग बुडवावेत, मग ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवावे. व्हिनेगरचे खरे काम एवढेच. बुरशीवर त्याचा परिणाम अर्धवट होतो, म्हणून काळ्या ठिपक्यांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आणि फेस चांगला येतो म्हणून व्हिनेगर व सोडा एकत्र टाकण्याची जी पद्धत आहे, तिच्यात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात. फेसाने थोडी घाण हलते, पण उरते ते जवळजवळ निरुपयोगी पाणी.

काळ्या ठिपक्यांसाठी

ठिपक्यांवर घरात वापरण्यासारखे सर्वांत सोयीचे द्रव्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानात जखमा धुण्यासाठी त्याची बाटली मिळते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा 6 टक्क्यांची असते आणि तिच्यावर 20 व्हॉल्यूम असेही छापलेले असते. तसे असेल तर तेवढेच पाणी घालून ती 3 टक्क्यांची करावी. बाटलीवर 3 टक्के लिहिले असेल तर पाणी घालू नये. केसांच्या रंगासाठी मिळणाऱ्या डेव्हलपरवरही 20 व्हॉल्यूम असेच लिहिलेले असते, पण त्यात क्रीम आणि सुगंध मिसळलेले असतात, म्हणून तो इथे चालत नाही.

काचेच्या किंवा चिनीमातीच्या वाडग्यात भाग पूर्ण बुडतील इतके द्रावण घ्यावे. रबर वर तरंगत असेल तर त्यावर एक छोटी काचेची वाटी ठेवावी. ठिपक्यांभोवती बारीक बुडबुडे सुटताना दिसतात. बुरशीतले एक विकर पेरॉक्साइडचे विघटन करून ऑक्सिजन सोडते, त्याचे ते बुडबुडे असतात. अन्नाच्या कणांवरही असेच बुडबुडे येतात, त्यामुळे ते दिसले म्हणजे बुरशीच आहे असे नाही, पण घासण्यातून काहीतरी सुटले आहे एवढे नक्की कळते. वाडग्यावर ताटली ठेवावी, कारण उजेडात पेरॉक्साइडचा जोर लवकर संपतो, पण घट्ट झाकणाच्या बरणीत मात्र हे कधीही ठेवू नये. सुटणाऱ्या वायूने दाब वाढतो. 30 मिनिटांनी भाग काढून पुन्हा एकदा ब्रश फिरवावा, आणि ठिपके फिके झाले असतील पण गेले नसतील, तर ताज्या द्रावणात आणखी एकदा ठेवावे. नंतर वाहत्या पाण्याखाली नीट धुवावे. हातात रबरी मोजे असावेत, कारण बोटांची त्वचा काही वेळ पांढरी पडून चुरचुरते.

ब्लीच हा यापेक्षा जहाल पर्याय आहे आणि तो शेवटी ठेवावा. वापरायचाच असेल, तर बिनवासाचे, साधे घरगुती ब्लीच 2 लिटर गार पाण्यात 5 मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा, एवढेच घ्यावे, केवळ सिलिकॉनचे भाग त्यात काही मिनिटे ठेवावेत आणि मग भरपूर धुवावेत. ब्लीचमध्ये स्टीलचा डबा बुडवू नये, त्यावर बारीक खड्डे पडून गंज धरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लीचच्या भांड्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल चुकूनही जाऊ देऊ नये; त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका भांड्यात एकत्र करू नये. एक द्रावण संपवून, भाग धुऊन, मगच दुसरे घ्यावे.

वास काढण्यासाठी

ठिपक्यांचे काम झाल्यावर वासाकडे वळावे. स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, आणि तळाशी एक उपडी छोटी ताटली किंवा चाळणी, म्हणजे रबर तापलेल्या तळाला टेकणार नाही. पातेले ॲल्युमिनियमचे नसावे, सोड्याने ते काळवंडते. पाण्याला उकळी आली की फक्त सिलिकॉनचे भाग त्यात टाकून 5 मिनिटे उकळावेत. प्लॅस्टिकचे झाकण यात घालू नये. झाकणाच्या तळाशी त्रिकोणात 5 आकडा आणि पी.पी. असे असेल तर ते गरम पाणी सहन करते, पण पारदर्शक, काचेसारख्या दिसणाऱ्या झाकणांचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतले काही उकळत्या पाण्यात वाकतात किंवा तडकतात. एकदा कड वाकली की रबर कितीही चांगले असले तरी डबा गळणारच.

उकळताना पाण्याकडे पाहावे. चटणीच्या डब्याचे रबर असेल, तर पाच मिनिटांत पाण्यावर पिवळसर तवंग येतो. तोच आत मुरलेला तेलाचा अंश. म्हणून गॅस बंद करून रबर त्याच पाण्यात गार होऊ देऊ नये, नाहीतर तवंग पुन्हा त्यालाच चिकटतो. चिमट्याने काढून लगेच गरम पाण्याने आणि साबणाच्या एका थेंबाने धुवावे. तवंग दाट असेल तर ताजे पाणी आणि ताजा सोडा घेऊन दुसऱ्यांदा उकळावे. याच वेळी पांढऱ्या रबरावरचे हळदीचे पिवळे डाग लालसर झालेले दिसले तर घाबरू नये. हळद अल्कामुळे लाल होते, आणि साध्या पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळी दिसू लागते.

मग ऊन. हळदीचा रंग उन्हात विटतो, त्यामुळे एका चांगल्या उन्हाळी दुपारी पिवळेपणा बराच उतरतो, आणि उबेने उरलासुरला वासही बाहेर पडतो. रबर जाळीवर किंवा दोरीला चिमटा लावून असे ठेवावे की दोन्ही बाजूंना हवा लागेल, आणि अर्ध्या वेळाने उलटावे. सिलिकॉनला उन्हाने इजा होत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणाला मात्र रोज तासन्‌तास उन्हात ठेवू नये, ते ठिसूळ होते.

वास गेला की नाही हे ओल्या, गार रबराला नाक लावून कळत नाही. रबर पूर्ण वाळल्यावर ते स्वच्छ काचेच्या बरणीत घालून झाकण लावावे, बरणी तासभर उबदार जागी ठेवावी आणि मग उघडून वास घ्यावा. बंद डब्यात जे घडते तेच इथे घडते, म्हणून हा निकाल खरा समजावा. उदाहरणातल्या चटणीच्या डब्याला बहुधा एका उकळीने अर्धा गुण येतो आणि दुसरी उकळी व उन्हानंतर अगदी मंद वास उरतो. तो पूर्ण शून्यावर येईलच असे नाही. वर्षभर रोज तेलकट भाजी नेलेल्या रबराकडून तशी अपेक्षाही ठेवू नये, आणि लसणाची चटणी वेगळ्या लहान डबीत द्यावी हा सल्ला त्यातूनच निघतो.

सिपरच्या बाबतीत वासाचे कारण बहुतेक वेळा दूध किंवा सरबत असते. दुधातली स्निग्धता नळीच्या आत थर धरते आणि तिथे आंबट वास येतो. सिलिकॉनची नळी असेल तर तीही उकळावी. कडक प्लॅस्टिकची असेल तर गरम साबणाच्या पाण्यात भिजवून लांब ब्रश आरपार फिरवावा. दूध नेलेल्या दिवशी घरी आल्यावर लगेच निदान गार पाण्याने नळी विसळून टाकली, तर पुढचे बरेचसे श्रम वाचतात.

वाळवणे आणि परत बसवणे

सगळ्या पद्धतीत घाई होते ती इथे. रबर वरून कोरडे दिसते, पण पडद्यांच्या फटीत पाणी केशाकर्षणाने अडकून असते. कोरड्या टिश्यूपेपरवर रबर ठेवून बोटाने सर्व बाजूंनी दाबत जावे. कागदावर ओल्या रेघा उमटल्या तर ते अजून वाळलेले नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये रात्रभर स्वयंपाकघरात ठेवूनही ते वाळत नाही, अशा दिवसांत पंख्याखाली जाळीवर ठेवावे लागते. त्या महिन्यांत जादा रबराची एक जोडी घरात असेल तर रोजची अदलाबदल करता येते, आणि हा खर्च मला नव्या डब्यापेक्षा नक्कीच शहाणपणाचा वाटतो.

बसवताना रबर सरकावे म्हणून त्याला तेल लावण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण आताच उकळून काढलेले तेल आपण पुन्हा आत भरत असतो. एक थेंब पाणी पुरते, आणि लगेच वापरायचे नसेल तर तेही नको. आधी समोरासमोरचे चार बिंदू खाचेत दाबावेत आणि मग मधला भाग बसवावा. एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटी फुगवटा उरतो. तेल प्यायलेले सिलिकॉन थोडे फुगते, त्यामुळे जुने रबर खाचेपेक्षा किंचित लांब वाटू शकते. फुगवटा हटतच नसेल, तर त्या रबराचे दिवस भरले. बसवल्यावर डब्यात अर्धे पाणी भरून तो टिश्यूपेपरवर दहा मिनिटे पालथा ठेवावा. सिपर त्याच प्रकारे आडवा ठेवून पाहावा.

दोनदा पेरॉक्साइड करूनही काही ठिपके फिक्या राखाडी रंगात उरतात. ओल्या कापूसकाडीने जोरात पुसल्यावर काडी पांढरीच राहिली, वासही नसेल आणि आठ-दहा दिवसांत ठिपका वाढला नाही, तर तो मेलेल्या बुरशीचा रंग आहे, आणि डब्याच्या रबरावर तो चालवून घेता येतो. काडी काळी झाली, किंवा ठिपका त्याच जागी पुन्हा गडद होऊ लागला, तर बुरशी चिरेत शिरली आहे असे समजावे. सिपरची झडप आणि चोच यांच्याबाबत मी इतकीही सूट देणार नाही, कारण त्यांतून गेलेला प्रत्येक घोट थेट तोंडात जातो. तिथे न जाणारा ठिपका दिसला की तो तुकडा बदलावा. करड्या किंवा काळ्या रंगाच्या रबरावर ठिपके दिसतच नाहीत, तिथे कापूसकाडीशिवाय दुसरी परीक्षा नाही. चिकट झालेले, चिरलेले किंवा ताणल्यावर मूळ आकारात न येणारे रबर टाकून द्यावे. बऱ्याच डब्यांची सुटी रबरे भांड्यांच्या दुकानात किंवा कंपनीकडे मिळतात. जाताना जुने रबर आणि झाकण दोन्ही बरोबर न्यावे, कारण एकाच व्यासाच्या दोन रबरांची जाडी वेगळी असू शकते आणि नुसत्या मापावरून आणलेले रबर खाचेत बसत नाही.